बाबांना एसआयपी समजवायची तर आधी त्यांच्या पेटीतला कागद पाहा

प्रश्न: "मी यवतमाळ जिल्ह्यातला, सध्या नागपूरला प्रायव्हेट नोकरी, पगार २४ हजार. महिन्याला ३ हजारांची एसआयपी सुरू करायची आहे. बाबा म्हणतात शेअर म्हणजे सट्टा, आई म्हणते पोस्टात टाक. दोन वर्षांनी बहिणीचं लग्न पण आहे. चारदा समजावलं, दरवेळी भांडणच होते. सोप्या भाषेत कसं सांगू?"

भाऊ, आधीच सांगून टाकतो, मी वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर म्हणून काम करतो, तुम्ही माझ्यासारख्याकडून फंड घेतला तर मला त्यातून कमिशन मिळते. तेव्हा माझं बोलणं त्या हिशोबाने ऐका. डायरेक्ट प्लॅनमध्ये कमिशन नसते, तो तुम्ही मोबाईलवरून स्वतःही घेऊ शकता, त्यात खर्च कमी लागतो. आता मुद्द्यावर येतो.

तुमच्या वयाची पोरं माझ्याकडे येतात तेव्हा सगळ्यांचा समज हाच असतो की बाबांना माहिती कमी आहे, माहिती दिली की ते ऐकतील. म्हणून मग मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून दाखवतात की बघा बाबा, पंधरा वर्षांत एवढे लाख. आणि तिथंच काम बिघडते. कारण "एवढ्याचे तेवढे होतील" हे वाक्य बाबांनी आयुष्यात ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलं त्यातले बरेचसे पळून गेले. दुप्पट करून देणारी कंपनी, जास्त व्याजाची पतसंस्था, भिशी चालवणारा. आणि आपल्याकडे तर सूतगिरणी. माझ्याकडे एक काका आले होते, पोरगा सोबतच होता. काहीच न बोलता त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. सूतगिरणीचा शेअर, शिक्का मारलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. गिरणी कधीच बंद झाली, मशीनं भंगारात गेली. काका म्हणाले, "हे बी शेअरच होतं ना? मंग तुमचं वेगळं कसं, ते सांगा." पोराला काही उत्तर देता आलं नाही. मला विचाराल तर त्या पूर्ण बैठकीत सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता.

म्हणजे पहिली अडचण अशी की बाबा घाबरट नाहीत, ते पोळलेले आहेत. दुसरी अडचण कोणी लक्षातच घेत नाही. शेतकरी भावाकडे कायम विकणाऱ्याच्या बाजूने बघतो. कापसाचा भाव पडला की घरात सुतक, चढला की दिवाळी. वर्षानुवर्षं हेच पाहिलेल्या माणसाला टीव्हीवर "बाजार कोसळला" ऐकलं की वाटते पोरगा बुडाला. पण एसआयपी करणारा माणूस पुढची दहा-पंधरा वर्षं विकणारा नसतोच, तो घेणारा असतो. तो व्यापाऱ्याच्या जागी उभा असतो. ही एवढी एक गोष्ट बाबांच्या गळी उतरली की निम्मं काम झालं समजा. पण ती तोंडाने सांगून उतरत नाही, कागदावर मांडावी लागते.

त्यासाठी मी एकच गोष्ट सांगतो. आपल्या तालुक्याला एक जिनिंग आहे असं धरा. मालकाने तिचे बारीक बारीक वाटे केले आणि ज्याला पाहिजे त्याला विकायला काढले. गावातला रामभाऊ ठरवतो की महिन्याला हजार रुपये बाजूला काढायचे आणि त्या दिवशी जो भाव असेल त्या भावाने हजारात बसतील तेवढे वाटे घ्यायचे. जास्त नाही, कमी नाही. पहिल्या महिन्यात वाट्याचा भाव ५० रुपये, रामभाऊला २० वाटे मिळाले. दुसऱ्या महिन्यात भाव ४०, मिळाले २५. मग बोंडअळीची बातमी आली, यंदा जिनिंग अर्धीच चालणार अशी बोंब झाली, भाव २५ वर आला, ४० वाटे मिळाले. चौथ्या महिन्यात २०, मिळाले ५०.

इथं थांबा, आणि पेन बाबांच्या हातात द्या. हिशोब त्यांनाच करू द्या. चार हजार गेले, वाटे झाले १३५, आजच्या २० च्या भावाने किंमत २,७००. तेराशे रुपये तोट्यात. हे लपवू नका आणि घाईने पुढंही जाऊ नका. बाबा म्हणतील "पाहा, मी म्हणतच होतो." म्हणू द्या. फक्त एवढं विचारा की बाबा, जिनिंग चालू आहे का बंद पडली? चालू आहे. मशीन तेच, गाठी बांधणं सुरू आहे, हंगाम वाईट आहे एवढंच. मग रामभाऊने काय करावं? बहुतेक वेळा शेतकरी माणूस स्वतःच म्हणतो की स्वस्त आहे तं घेऊन ठेवावं. कारण व्यापारी हेच करतो हे त्याने जन्मभर पाहिलेलं असते, ज्या भावाला आपण रडत विकतो त्याच भावाला तो गोडाऊन भरतो.

पुढं पाचव्या महिन्यात भाव २५, पुन्हा ४० वाटे. सहाव्यात ४०, म्हणजे २५. सातव्यात ५०, म्हणजे २०. झाले एकूण २२० वाटे आणि गेले सात हजार. भाव कुठं आहे? जिथून सुरू झाला तिथंच, ५० वर. एक रुपया वाढला नाही. तरी २२० वाट्यांची किंमत अकरा हजार, कारण पडत्या काळात त्याला वाटे जास्त मिळाले. सरासरी भाव पडला साधारण ३२ रुपये. एसआयपी म्हणजे एवढंच, भाऊ, दरमहा ठरलेल्या रकमेत म्युच्युअल फंडाचे वाटे घेणं. वाट्याला युनिट म्हणतात, भावाला एनएव्ही म्हणतात. एक मोठा फरक आहे, तो पुढं सांगतो.

आता बहुतेक एजंट, आणि तुम्ही पाहिलेले बहुतेक व्हिडिओ, इथंच गोष्ट संपवतात. मला ते पटत नाही, कारण ही अर्धी गोष्ट आहे आणि बाबांना पुढंमागं उरलेली अर्धी कळतेच, तेव्हा ते तुम्हालाच खोटं समजतात. म्हणून त्याच बैठकीत गोष्ट उलटी करून सांगा. हेच भाव, क्रम वेगळा. रामभाऊने सुरुवात केली तेव्हा भाव २०, मग २५, ४०, ५०, सगळे खुश, गावभर चर्चा, आणि मग ४०, २५, आणि सातव्या महिन्यात परत २०. वाटे मोजा: ५०, ४०, २५, २०, २५, ४०, ५०. झाले २५०. म्हणजे पहिल्या गोष्टीपेक्षा तीस वाटे जास्त! पण शेवटचा भाव २०, म्हणून किंमत पाच हजार. सात हजार टाकले, पाच हजार हातात. आणि रामभाऊची पोरीच्या कॉलेजची फी नेमकी त्याच महिन्यात भरायची असेल तर त्याला विकावंच लागते.

ह्या दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की एसआयपीची खरी जोखीम कुठं बसली आहे ते दिसते. लोक सुरू करताना घाबरतात, पहिल्या दोन वर्षांत मार्केट पडलं तर काय होईल म्हणून. पण तेव्हा थोडेच पैसे टाकलेले असतात आणि पुढचे सगळे हप्ते स्वस्तात बसतात, तेव्हा पडलं तर खरं म्हणजे फायद्याचं. घात होतो तो शेवटी पडलं तर, कारण तेव्हा पंधरा वर्षांचा सगळा ढीग एकदम खाली येतो आणि सावरायला हप्ते उरलेले नसतात. ह्यावर इलाज आहे पण तो आपल्याला करावा लागतो, आपोआप होत नाही. ज्या कामासाठी पैसा पाहिजे त्याच्या दोन-तीन वर्षं आधीपासून तो थोडा थोडा काढून एफडीत किंवा भाव फारसा न हलणाऱ्या लिक्विड फंडात न्यायचा. दर तीन महिन्यांनी एक भाग, असं. मार्केट वर असो की खाली, तारीख पाळायची. अजून थोडं वाढू द्या म्हणून जे थांबतात ना, त्यातलेच मग मार्केट पडल्यावर फोन करतात की आता काय करू.

बाबा विचारतील की असं खरंच पडते का की तू गोष्टी सांगतो. तर खरे आकडे सांगा, दोनच सांगा. २०२० च्या जानेवारीत निफ्टी, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या भावावरून काढलेला आकडा, १२,३०० च्या वर होता, कोरोना आला आणि २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. अडीच महिन्यांच्या आत लाखाचे साठ-बासष्ट हजार दिसत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तो परत वर गेला, पण मार्चमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं. दुसरा आकडा जास्त कडू आहे. २००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स, म्हणजे निफ्टीसारखाच तीस कंपन्यांचा आकडा, २१,००० च्या वर गेला होता, २००९ च्या मार्चमध्ये ८,००० च्या आसपास लोळत होता, आणि २०१३ च्या शेवटीही तो २१,००० च्याच जवळपास होता. म्हणजे ज्याने २००८ च्या जानेवारीत एकदम पैसा टाकला त्याच्यासाठी जवळजवळ सहा वर्षं गेली आणि भाव तिथल्या तिथंच, पोस्टातल्याने त्याला हसावं अशी गत. दरमहा टाकणाऱ्याला मधल्या स्वस्तात बरेच युनिट मिळाले म्हणून त्याचं बरं निघालं, पण त्यालाही २००९ च्या सुरुवातीला स्टेटमेंट उघडावंसं वाटत नसणार. म्हणून मी कोणालाच बारा टक्के मिळतील असं सांगत नाही. दोन हजार महिना पंधरा वर्षं टाकले तर खिशातून जातात ३ लाख ६० हजार. वर्षाला बाराच्या हिशोबाने पडलं तर ते दहा लाखांच्या आसपास होतात, आठच्या हिशोबाने सात लाखांच्या जरा आत, आणि काळ वाईट निघाला तर पोस्टाच्या आरडीपेक्षाही कमी होऊ शकतात. तिन्ही आकडे एकाच श्वासात सांगायचे.

आता सूतगिरणीचा कागद. त्याचं उत्तर द्यावंच लागते, टाळू नका. रामभाऊची जिनिंग एकच होती. ती बंद पडली असती तर २२० वाटे काय नि २,२०० वाटे काय, रद्दीच. पडत्या भावाला घेत राहणं फक्त धंदा जिवंत असेल तरच कामाचं, मरणाऱ्या धंद्याचे वाटे घेत राहणं म्हणजे बुडणाऱ्यात अजून पैसा ओतणं. सूतगिरणीत हेच झालं, एक गिरणी, एक संचालक मंडळ, आणि त्या काकांकडे तो शेअर विकायची सोयही नव्हती. म्हणून एसआयपी एका कंपनीत करायची नसते. निफ्टीचा इंडेक्स फंड घेतला तर पैसा देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांत वाटला जातो, त्यातली एखादी ढासळली तर ती यादीतून निघते आणि दुसरी येते, वर्षातून दोनदा ही यादी तपासली जाते. पन्नासच्या पन्नास एकाच वेळी बंद पडणं जवळजवळ होत नाही. पण पन्नासचे भाव एकाच वेळी पडणं होते, वर २०२० चं सांगितलंच. हे दोन वेगळे धोके आहेत आणि बाबांच्या डोक्यात ते एकच असतात, ते वेगळे करून द्या. आणि पहिल्या एसआयपीला हे छोट्या कंपन्यांचे स्मॉल कॅप फंड वगैरेच्या नादी लागू नका, गेल्या वर्षी कोणाला किती मिळाले हे पाहून तर अजिबातच नाही.

मग शेवटचा प्रश्न येतो, आणि आपल्याकडे तो असाच येतो: "बुडलं तं कोणाले धरू मंग?" खरं उत्तर असं, की भाव पडल्यामुळे झालेल्या तोट्यासाठी कोणालाच धरता येत नाही. बाजारावर देखरेख ठेवणारी सेबी भरून देत नाही, बँक देत नाही, मी तर नाहीच देत. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, इथं तसा विमा नाही. (पतसंस्थेलाही तो विमा नसतो बरं का, हे बऱ्याच बाबांना माहीत नसते.) पण कोणी पैसा घेऊन पळण्याबद्दल विचारत असतील तर तिथं व्यवस्था बरी आहे. पैसा तुमच्या बँक खात्यातून सरळ फंडाच्या खात्यात जातो, एजंटच्या हातात येतच नाही. फंडाने घेतलेले शेअर फंड कंपनी स्वतःजवळ ठेवत नाही, ते कस्टोडियन म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडे राहतात. आणि विकल्यावर पैसा फंडात नोंदवलेल्या तुमच्याच खात्यात येतो, दुसऱ्याच्या खात्यात वळवता येत नाही. त्यावरून बाबांना एक साधी खूण सांगून ठेवा: जो माणूस एसआयपीसाठी रोख मागेल किंवा स्वतःच्या नावाचा फोनपे पाठवेल, तो कितीही ओळखीचा असो, पाहुणा असो, त्याला दारातूनच परत पाठवायचं.

पण खरं सांगू का, ही सगळी व्यवस्था तोंडी सांगून विश्वास बसत नाही. त्यापेक्षा मी पोरांना एक काम करायला लावतो. चार-पाच महिने हप्ते गेले की गावी या, बाबांच्या समोर बसून पाचशे रुपये विकायला टाका. एक्झिट लोड असलेल्या फंडात वर्षाच्या आत काढलं तर बहुधा एक टक्का कापतात, म्हणजे पाच रुपये, तेवढे जाऊ द्या. बऱ्याच इंडेक्स फंडात तेही नसते, घेताना पाहून घ्या. दोन-तीन कामाच्या दिवसांत पैसे खात्यात पडल्याचा मेसेज येईल, तो बाबांनाच वाचायला द्या. टाकलेला पैसा परत निघतो हे त्यांनी डोळ्याने पाहिलं की आवाज बदलतो, सूतगिरणीतून तो कधी निघालाच नव्हता ना. एक स्टेटमेंटची प्रिंटही काढून द्या, पासबुकासोबत ठेवायला. मोबाईलमधला आकडा त्यांच्यासाठी आकडा नसतो. नॉमिनीच्या जागी आईचं नाव टाका आणि ते त्या कागदावर दाखवा.

आता तुमच्या तीन हजारांचं. इथं मी थोडा बाबांच्या बाजूने आहे. दोन वर्षांनी लग्न आहे म्हणता, तर लग्नाचा एक रुपयाही एसआयपीत टाकू नका. उलटी गोष्ट आठवा, दोन वर्षं म्हणजे रामभाऊचे चोवीस हप्ते, शेवटी भाव २० असला तर लग्नाची तारीख पुढं ढकलता येत नाही. आई म्हणते तसं आरडी काढा, दोन हजारांची. पण पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, मधात मोडायची तर तीन वर्षं व्हावी लागतात, म्हणून दोन वर्षांच्या कामाला बँकेची दोन वर्षांची आरडी सोयीची. उरलेल्या हजाराची एसआयपी. लग्न झालं की आरडीचे दोन हजार त्यात वळवा.

बाबांच्या शेतीचा पैसा ह्यात ओढू नका हेही सांगतो. कापसाचा पैसा दसरा-दिवाळीपासून पुढं येतो आणि जूनमध्ये बियाणं-खताला लागतो, तो दरमहा येणारा पैसाच नाही. पीककर्ज कमी व्याजाचं आहे म्हणून ते उचलून फंडात टाकायची आयडिया काही पोरांना सुचते, तसं करू नका, ते वेळेवर भरायचं असते आणि मार्केट तुमची वेळ पाळत नाही. सावकाराचं किंवा सोनं गहाण ठेवलेलं काही देणं घरात असेल तर एसआयपीच्या आधी ते फेडा, तेवढं व्याज कोणताही फंड खात्रीने देत नाही.

हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांनी ठेवा. पगार एकला येत असेल तर पाच किंवा सात. खात्यात पैसे नसले तर फंडवाले दंड लावत नाहीत पण बँक लावते, आणि सलग तीन हप्ते चुकले की एसआयपी आपोआप बंद होते. हात तंग असेल तर आधीच काही महिने पॉज करता येते, बऱ्याच फंडात ती सोय आहे.

बाबा तरी नाही म्हणाले तर? होऊ शकते. मग भांडू नका, नोकरी तुमची आहे, हजार रुपयांची सुरू करा, पण लपवून नाही. लपवून केलेली एसआयपी नेमकी मार्केट पडल्यावरच घरी कळते, असं मी बरेचदा पाहिलं आहे. कागदावरच्या दोन्ही गोष्टी, भाव खड्ड्यातून वर आल्याची आणि टेकडीवरून खाली आल्याची, तारीख टाकून बाबांजवळ ठेवून द्या. मार्केट पडेल तेव्हा बाबांचा फोन येईलच, तेव्हा त्यांना त्या कागदावरचा तेराशे रुपये तोट्याचा चौथा महिना काढायला सांगा आणि त्या महिन्याच्या स्टेटमेंटवर किती युनिट मिळाले ते वाचून दाखवा. फंड निवडताना अडलं तर इथंच लिहा, पण पॅन, खाते नंबर असलं काही टाकू नका.